चार आणि उणे एक

अण्णा टाइप करताना खोलीचं दार लोटून घ्यायचे. माझ्या मनात संशय पहिल्यांदा तिथे शिरला.

आमचा कारखाना सरकारी, बेंगळुरूच्या उत्तरेला. त्याच्याच आवारात शिकाऊ कामगारांची शाळा होती आणि मी तिथे गणित शिकवायचो. पुण्याहून नोकरीसाठी आलेला, नुकतं लग्न झालेला, जयनगरच्या नव्या वसाहतीत दोन खोल्यांत राहणारा मी. अण्णा आमचे टायपिस्ट. त्यांच्या घराण्याला इथे पिढ्यान् पिढ्या झालेल्या. मराठी बोलत, पण त्यांच्या मराठीत कन्नड अशी मिसळलेली की सुरुवातीला अर्धं मला कळायचंच नाही. मला ते 'मेष्ट्रे' म्हणत. मास्तर या शब्दाचं ते तिकडचं रूप. "मेष्ट्रे, स्वल्प कॉफी घेणार का?" असं दारातून विचारायचे. मला ते आवडत, हेही लिहून ठेवतो. संशय आला म्हणजे माणूस आवडेनासा होतो असं नाही.

दरवर्षी शाळेत नवी मुलं घेण्यासाठी प्रवेश परीक्षा व्हायची. ती पास झाली की मुलाचं भलं झालं, असं सगळे मानत. शिक्षण, विद्यावेतन आणि पुढे कारखान्यात कायमची जागा. गणिताचा पेपर मी काढायचो. तो अण्णा स्टेन्सिलवर टाइप करायचे आणि मग सायक्लोस्टाइलवर प्रती निघायच्या. यंत्रावर अपूर्णांक टाइप होत नसत. ते लोखंडी टोकाच्या लेखणीने स्टेन्सिलवर हाताने कोरावे लागत. हात जरा चुकला की मेणकागद फाटायचा. म्हणून अण्णा आधी रद्दी कागदावर तेच समीकरण चार वेळा गिरवून बघायचे. त्या कागदाचं पुढे काय होतं, हा प्रश्न मला एका वर्षी पडला. आधीच्या परीक्षेनंतर कँटीनमध्ये कुजबुज झाली होती की प्रश्न बाहेर गेले होते. कोणी पुरावा दिला नव्हता. नुसतं बोलणं होतं, आणि बोलणाऱ्याने टाइपरूमकडे मान वळवून दाखवली होती.

त्या वर्षी अर्जांच्या गठ्ठ्यात एक अर्ज अण्णांच्या घरच्या पत्त्याचा दिसला. अण्णांच्या बहिणीचा मुलगा. घर देवनहळ्ळीचं, पण शिकायला मामाकडे राहिलेला. अण्णांनी माझ्याकडे याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. आज मला वाटतं, संकोच असेल. भाच्यासाठी रदबदली करतोय असं वाटायला नको म्हणून गप्प राहिले असतील. तेव्हा मला वाटलं, लपवतायत.

मग मी त्यांच्यावर नजर ठेवायला लागलो. तो मुलगा कधीकधी दुपारी मामाचा डबा घेऊन यायचा आणि मामाचं जेवण होईपर्यंत टाइपरूममध्येच बाकावर बसायचा. सडपातळ, ओठावर नुकतीच लव फुटलेली, समोरच्याकडे न बघता बोलणारा. एकदा मी आत गेलो तर तो टेबलाजवळ उभा. मला बघून पटकन बाकावर जाऊन बसला. मोठ्या माणसासमोर मुलं अशीच बसतात, पण मी ते मनात नोंदवून ठेवलं.

आणि एक दिवस अण्णा लेखणी हातात धरून म्हणाले, "मेष्ट्रे, एवढं कोरतो मी, पण ह्याचं उत्तर किती येतं हो?"

"कशाला हवंय तुम्हाला?" मी विचारलं.

"कशाला म्हणजे? लग्नाची पत्रिका टाइप केली तर नवरी कोण ते माणूस विचारतो की नाही?" ते हसले. मी हसलो नाही.

त्याच दिवशी मी सापळा लावायचं ठरवलं.

तो समजण्यासाठी ते समीकरण सांगावं लागेल. ज्यांना गणिताचा कंटाळा आहे त्यांनी एवढा परिच्छेद सोसावा, कारण पुढचं सगळं यावर आहे. पेपरात मी हे घातलं होतं:

x/(x − 2) + 1/(x − 4) = 2/((x − 2)(x − 4))

अशा वेळी छेद काढून टाकतात. दोन्ही बाजूंना (x − 2)(x − 4) ने गुणायचं. मग उरतं x(x − 4) + (x − 2) = 2. सोडवलं की x² − 3x − 4 = 0, म्हणजे (x − 4)(x + 1) = 0. दोन उत्तरं हाताला लागतात, चार आणि उणे एक. पण चार हे उत्तर मूळ समीकरणात घातलं की x − 4 शून्य होतं, आणि शून्याने भागता येत नाही. तिथे समीकरणाला अर्थच राहत नाही. मग चार आला कुठून? आपण ज्याने गुणलं तेच चारच्या ठिकाणी शून्य होतं, आणि दोन्ही बाजूंना शून्याने गुणलं तर कोणतीही गोष्ट कोणत्याही गोष्टीच्या बरोबरीची होते. म्हणून मिळालेलं प्रत्येक उत्तर मूळ समीकरणात घालून बघायचं असतं. उणे एक घातलं तर डावीकडे एक तृतीयांश वजा एक पंचमांश, म्हणजे दोन पंधरांश. उजवीकडेही दोन पंधरांश. ते खरं. चार टाकून द्यायचा. खरी उत्तरं गुणाकारानंतर हरवत नाहीत, पण गुणाकारानंतर दिसणारं प्रत्येक उत्तर खरं असतंच असं नाही. हे वाक्य मी वर्गात इतक्या वेळा म्हटलं होतं की मुलं मागून माझी नक्कल करायची.

सापळा असा. मी उत्तरांचा एक कागद तयार केला आणि या प्रश्नापुढे मुद्दाम दोन्ही उत्तरं लिहिली. 'चार, उणे एक.' तो कागद प्रश्नपत्रिकेच्या हस्तलिखितात विसरल्यासारखा ठेवून अण्णांच्या टेबलावर दिला. खऱ्या उत्तरांचा कागद माझ्या कपाटात. ज्याच्या पेपरात दोन्ही उत्तरं दिसतील त्याने ती अण्णांच्या टेबलावरून उचलली, असं मी धरून चाललो. एखादी वेडीवाकडी संख्या लिहावी असंही आधी मनात आलं होतं. पण मला वाटलं, तशी संख्या बघून चोर सावध होईल. चूक दिसायला सरळ हवी. आपण फार हुशारीने वागलो असं मला दोन दिवस वाटत होतं. बायकोला सांगितलंसुद्धा नाही, आणि मला वाटतं, ती काय म्हणेल याचीच भीती असावी.

संध्याकाळी अण्णांनी कागद परत आणून दिला. "मेष्ट्रे, तुमचा काही कागद आत राहिला होता. मी बघितला नाही हं."

न विचारता दिलेला खुलासा. मी तोही नोंदवला.

परीक्षा झाली. पेपर तपासायला घेतले तेव्हा मी गठ्ठ्यातून सगळ्यात आधी अण्णांच्या भाच्याचा पेपर शोधून काढला. त्या प्रश्नावर गेलो. अक्षर स्वच्छ. सगळ्या पायऱ्या नीट. शेवटी खाली दोन रेघा मारून लिहिलेलं होतं, x = 4, −1. पडताळा नाही.

मी तसाच उठलो आणि सुपरिंटेंडेंट साहेबांच्या खोलीत गेलो. साहेब मद्रासकडचे. इंग्रजी बोलत. कन्नड बेताचं, मराठीचा गंध नाही. मी त्यांना सापळा सांगितला, पेपर दाखवला.

साहेब पेपर खाली ठेवून म्हणाले, "यू आर शुअर?"

मी हो म्हणालो.

नंतर परत येऊन मी बाकीचे पेपर तपासले. तिसऱ्याच पेपरात 'चार, उणे एक.' तो मुलगा तुमकूरचा होता. पुढे आणखी एक, म्हैसूरचा. मग कोलारचा. मग मी कुठल्या गावचा ते बघणंच सोडून दिलं. गठ्ठ्यातल्या निम्म्याहून जास्त मुलांनी दोन्ही उत्तरं लिहिली होती. त्यांनी अण्णांचं टेबल कधी पाहिलंही नव्हतं. ही चूक करायला चोरी लागत नाही. तिच्यासाठी नुसतं शेवटी मागे वळून न बघणं पुरतं. मीच वर्षानुवर्षं वर्गात सांगत आलो होतो की मुलं इथेच घसरतात, आणि मीच त्या घसरण्याला चोरीची खूण ठरवलं होतं. चोरणाऱ्याच्या पेपरात चार दिसेल, हे खरं. पण चार दिसला म्हणजे चोरी, हे कुठून आलं? आलेलं उत्तर मी मूळ जागी घालून बघितलंच नव्हतं.

तेव्हा उठून साहेबांकडे जाणं एवढंच करायचं होतं. व्हरांडा ओलांडला की त्यांचं दार. मी पेपर पुन्हा गठ्ठ्यात घातले, दोरी बांधली आणि चहा मागवला. साहेबांना काय वाटेल, मला मूर्ख समजतील, परीक्षेचं काम माझ्याकडून काढून घेतील, हे सगळं मनात होतं. आणि त्याच्याही खाली एक विचार होता, तो आता सांगतो. मला वाटत होतं, बाकीच्यांचं काही का असेना, याने चोरलंच असेल. इतके दिवस पोसलेला संशय असा एका संध्याकाळी सोडवेना.

दोन दिवसांनी साहेबांनी मुलाला बोलावलं. फळ्यापाशी उभं करून असंच एक समीकरण द्यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. आधी मला इंग्रजीत म्हणाले, "हे बघा, त्याने बरोबर सोडवलं तर याचा अर्थ त्याला येतं, मग पेपरात चूक का? कारण नक्कल. आणि चुकवलं, तर त्याला येतच नाही, म्हणजे नक्कल करायला कारण होतंच."

मी मान डोलावली. त्यांनी दोन्ही वाटा एकाच दाराशी नेऊन सोडल्या होत्या. मला ते दिसलं होतं.

मुलगा धुतलेला शर्ट घालून आला होता. मी फळ्यावर लिहिलं:

x/(x − 1) + 2/(x + 1) = 2/(x² − 1)

त्याने खडू घेतला. x² − 1 म्हणजे (x − 1)(x + 1) हे त्याने बाजूला लिहिलं. मग दोन्ही बाजूंना त्यानेच गुणलं. x² + x + 2x − 2 = 2. मग x² + 3x − 4 = 0. मग (x + 4)(x − 1) = 0. खाली लिहिलं, x = −4, 1, आणि त्याच्याखाली दोन रेघा मारल्या. अगदी पेपरातल्यासारख्या.

तिथेच सगळं मिटलं होतं. हे समीकरण मी त्याच सकाळी तयार केलं होतं, त्याचं उत्तर कुठल्याही कागदावर नव्हतं. तरी त्याने तीच चूक त्याच ठिकाणी केली. म्हणजे ती त्याची स्वतःची होती. तिच्यासाठी त्याला कोणाच्या टेबलाची गरज नव्हती.

साहेबांनी मला विचारलं, "करेक्ट?"

"नो सर. वन इज नॉट अ रूट."

साहेबांनी मुलाला इंग्रजीत विचारलं, "व्हाय यू राइट वन?"

मुलाला इंग्रजी समजायचं, बोलायला जमायचं नाही. तो गोंधळला. मग त्याने माझ्याकडे बघितलं. मी मराठी माणूस, मामांचे मेष्ट्रे. मला म्हणाला, "सर, आमच्या शाळेत मेष्ट्रे सांगत, x चा वर्ग आला की उत्तरं दोन येतात आणि दोन्ही लिहायचीच. एक लिहिलं की निम्मे मार्क कापायचे. म्हणून मी दोन्ही लिहितो. कुठलं चुकलं सर?"

साहेब माझ्याकडे वळले. "व्हॉट डज ही से?"

या प्रश्नाला मी जे उत्तर दिलं ते इतकी वर्षं मी कोणाला सांगितलं नव्हतं. मी म्हणालो, "ही हॅज नो एक्स्प्लनेशन, सर."

मुलाला ते वाक्य समजलं की नाही, माहीत नाही. बहुतेक समजलं. त्याने एकदा माझ्याकडे, एकदा साहेबांकडे बघितलं. मग फळ्याकडे वळून x च्या जागी एक घालून बघितला. छेदातलं x − 1 शून्य झालं तेव्हा त्याचा हात थांबला. "ओह," एवढंच म्हणाला. त्याने बोटाने तो एक पुसला. साहेब तोवर कागदावर काहीतरी लिहायला लागले होते.

त्याला जागा मिळाली नाही. 'चार, उणे एक' लिहिणारी इतर मुलं मात्र घेतली गेली, कारण बाकीच्या प्रश्नांत त्यांचे गुण चांगले होते. भाच्याचे गुण त्यांच्यातल्या काहींपेक्षा जास्त होते. ती मुलं पुढच्या महिन्यात माझ्याच वर्गात येऊन बसली, आणि पहिल्याच आठवड्यात मी त्यांना पडताळा घ्यायला शिकवलं.

अण्णांविरुद्ध पुरावा नव्हता. साहेबांनी त्यांना बोलावून, उत्तरं तुमच्या टेबलावरून गेली असं सांगितलं आणि टाइपरूममधून काढून गेटपासच्या खिडकीवर बसवलं. अण्णांनी कागद दिला नव्हता, हे अण्णांना माहीत होतं. मग राहिला कोण? डबा घेऊन येणारा भाचा. ऑफिसवर संशय घेण्यापेक्षा अण्णांनी घरातल्या मुलावर घेतला. मुलगा नाही म्हणाला, रडला. पण अण्णांना वाटलं, मेष्ट्रे खोटं कशाला बोलतील, आपल्यातलेच आहेत. त्यांनी त्याला बसमध्ये बसवून देवनहळ्ळीला परत पाठवलं. त्यावरून बहिणीचं आणि त्यांचं बिनसलं आणि जाणं-येणं बंद झालं.

हे मला अण्णांनीच सांगितलं, गेटपासच्या खिडकीतून. वर म्हणाले, "मेष्ट्रे, तुम्ही होता म्हणून माझी नोकरी तरी राहिली. तुम्ही साहेबांना सांगितलं असणार, अण्णा तसा नाही म्हणून."

मी त्यांना तसंच मानू दिलं. त्या वर्षी त्यांनी आमच्या घरी फणस पाठवला. बायकोने गरे काढले. मी खाल्ले.

पुढे काही वर्षं गेली. मी त्या खिडकीसमोरून जाताना घड्याळ बघायला लागलो, म्हणजे थांबावं लागत नसे. अण्णा काही विचारतील, त्यांना काही कळलं असेल, असं मला रोज वाटायचं. त्यांनी नुसतं "काय मेष्ट्रे?" म्हटलं तरी त्यात मी अर्थ शोधायचो. आता संशय माझ्यावरच होता, आणि तो घेणाराही मीच होतो.

एका वैशाखात अण्णांनी खिडकीतून हाक मारली. भाचीचं, म्हणजे त्या मुलाच्या धाकट्या बहिणीचं लग्न देवनहळ्ळीला ठरलं होतं. बहिणीने निरोप पाठवला होता की मामा पाठीशी उभा राहिल्याशिवाय मुलीवर अक्षता कशा टाकायच्या?

"मग जाणार ना?" मी म्हटलं.

"कसा जाऊ? तो तिथे असणार. चोराच्या घरी मामा म्हणून उभा राहू?" अण्णा म्हणाले. "चूक कबूल केली असती तर पोटात घातली असती मी. पण शेवटपर्यंत नाहीच म्हणत राहिला. मेष्ट्रे, एवढा खोटारडेपणा आमच्या घरात नव्हता हो."

खिडकीबाहेर ट्रक उभा होता, ड्रायव्हर पास मागत होता. मी अण्णांना म्हणालो, "त्याने चोरलं नव्हतं."

"काय?"

"चोरलं नव्हतं. मला तेव्हाच कळलं होतं."

ड्रायव्हर खिडकीवर थापा मारत होता. अण्णांनी अक्षर हलू न देता त्याचा पास लिहून दिला. मग खिडकीची फळी पाडली आणि बाहेर येऊन म्हणाले, "आता सांगा. सगळं."

मी सांगितलं. सापळा, गठ्ठा, फळा, मुलगा मराठीत काय म्हणाला आणि मी इंग्रजीत काय सांगितलं. अण्णांनी मध्ये एकदाच विचारलं, "त्या कागदावर तुम्ही चूक मुद्दाम लिहिली होती? माझ्यासाठी?"

"हो."

"मी तो बघितलाच नाही," ते म्हणाले. "दुसऱ्याचा कागद आहे म्हणून पालथा घालून ठेवला होता." मग म्हणाले, "फणसाच्या वेळी तरी सांगायचं होतं, मेष्ट्रे."

मला वाटलं, आता ते निघून जातील. पण ते म्हणाले, "रविवारी लग्न. तुम्ही यायचं. माझ्या तोंडून त्याला पटणार नाही. मीच त्याला बसमध्ये बसवलंय."

रविवारी आम्ही देवनहळ्ळीच्या बसमध्ये शेजारी बसलो. मांडवाच्या दाराशी बहीण उभी होती. भावाला बघून आधी पदर तोंडाला लावला, मग ओरडली, "आत्ता आठवलं? मुहूर्त टळत आला की रे!" अण्णा चपला काढून सरळ आत गेले. पुढे अक्षता पडल्या तेव्हा ते भाचीच्या मागे उभे होते आणि त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता.

तो मुलगा, आता पुरा माणूस झालेला, पंगतीत पाणी वाढत होता. राजाजीनगरच्या एका लहान वर्कशॉपमध्ये लेथवर काम करतो, असं मला बसमधून उतरताना अण्णांनी सांगितलं होतं. माझ्यापाशी आला, पेला भरला. मी त्याला बाजूला बोलावलं आणि जे अण्णांना सांगितलं तेच पुन्हा सांगितलं. या वेळी वाक्यं लवकर आली, त्याचीही मला लाज वाटली.

तो हातात तांब्या धरून ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "मी जे बोललो ते साहेबांना सांगितलंच नाही तुम्ही. ते मला त्या दिवशीच समजलं होतं. मामांना सांगितलं, त्यांना पटलं नाही."

"नाही सांगितलं," मी म्हणालो.

"तुम्ही आज मामांना सांगितलंत, मला सांगितलंत," तो म्हणाला. "आम्हा दोघांना खरं माहीतच होतं, सर. मामांना मानायचं नव्हतं एवढंच. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा."

आणि तो पंगतीकडे परत वळला. "पाणी? पाणी कोणाला?"

सोमवारी मी साहेबांच्या खोलीत गेलो. ते निवृत्तीला आले होते. त्यांना तो मुलगा आधी आठवलाच नाही. अण्णांचा विषय काढल्यावर आठवला. मी सांगत गेलो तसा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "तुमच्याशिवाय त्या खोलीत त्याची भाषा कोणालाच येत नव्हती." मी हो म्हणालो. त्या दिवसापासून परीक्षेचं काम माझ्याकडून गेलं, आणि ते मी मागितलंही नाही. अण्णांना टाइपरूममध्ये परत बोलावलं गेलं. त्यांनी नको म्हटलं. गेटवर वारा येतो, असं कारण दिलं. मुलाला पुन्हा परीक्षेला बसू द्यावं असं मी लेखी दिलं. उत्तर आलं की वयाची मर्यादा उलटून गेली आहे.

ते सांगायला मी राजाजीनगरला गेलो. लेथ चालू होता, पितळेचा कीस खाली पडत होता. त्याने यंत्र बंद केलं नाही. मी ओरडून सांगितलं, साहेबांना सगळं सांगितलंय, पण वय उलटलं.

"सरी," तो म्हणाला. बरं, ठीक आहे, अशा अर्थाने तिकडे म्हणतात तसं. मग आधीच्या तयार तुकड्याला कॅलिपर लावून माप बघितलं, यंत्राचं हत्यार थोडं मागे घेतलं आणि पुन्हा कामाला लागला. त्याने मला बसायला सांगितलं नाही. मी थोडा वेळ दारात उभा राहिलो आणि बसस्टॉपकडे निघालो.